एकच मॅट्रिक्स, दोन प्रश्न: स्थिर वितरण आणि बंद पडेपर्यंतचा अपेक्षित काळ

पेन्सिल

एका यंत्राच्या नोंदींवरून मी तीन अवस्थांची एक लहान मार्कोव्ह साखळी मांडली आहे. साखळीची एक पायरी म्हणजे कामाची एक पाळी. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला यंत्र ‘ठीक’ असते, ‘कुरकुर’ करत असते, म्हणजे चालू असते पण तापते आणि आवाज करते, किंवा ‘बंद’ असते. एका पाळीतून पुढच्या पाळीत जाण्याच्या संभाव्यता खालीलप्रमाणे आहेत. ओळ म्हणजे आताची अवस्था आणि स्तंभ म्हणजे पुढच्या पाळीतली अवस्था.

```
           ठीक    कुरकुर   बंद
ठीक        0.8     0.2     0.0
कुरकुर      0.3     0.5     0.2
बंद         0.4     0.0     0.6
```

ठीक यंत्र एकदम बंद पडत नाही, आधी कुरकुरते. कुरकुरणारे यंत्र कधी किरकोळ देखभालीने ताळ्यावर येते, कधी बंद पडते. बंद पडलेले यंत्र दुरुस्त झाले की थेट ‘ठीक’मध्ये जाते.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, दीर्घकाळात एकूण पाळ्यांपैकी किती हिस्सा यंत्र बंद असेल. दोन, आज यंत्र ठीक असेल तर ते पहिल्यांदा बंद पडेपर्यंत सरासरी किती पाळ्या जातील. पहिल्या प्रश्नासाठी मी संगणकाला आयगेनव्हेक्टर काढायला सांगितले:

```python
import numpy as np
P = np.array([[0.8, 0.2, 0.0],
              [0.3, 0.5, 0.2],
              [0.4, 0.0, 0.6]])
w, v = np.linalg.eig(P)
```

आयगेनव्हॅल्यू १ समोरच्या स्तंभात तिन्ही आकडे ०.५७७ आले. बेरजेने भागले की तिन्ही अवस्थांना १/३ मिळते. यंत्र तिसरा हिस्सा वेळ बंद असते यावर मात्र नोंदवही पाहिलेला कोणीही विश्वास ठेवणार नाही. कुठे काय चुकते आहे?

भिंगरी

मला वाटते, प्रश्नाची मांडणीच अडचणीची आहे. तुम्ही ‘बंद पडेपर्यंतचा काळ’ विचारता आहात, म्हणजे ‘बंद’ ही शोषक अवस्था झाली. शोषक अवस्था असलेल्या साखळीत सगळे वजन शेवटी तिथेच जमा होते. त्यामुळे स्थिर वितरण ठीक ०, कुरकुर ०, बंद १ एवढेच येईल आणि त्यात काढण्यासारखे काहीच उरत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाला अर्थ उरतो का, हे आधी ठरवावे असे सुचवते.

तिरकीरेघ

भिंगरी, त्यांच्या मॅट्रिक्समध्ये बंदमधून ठीककडे जाण्याची संभाव्यता ०.४ आहे, म्हणजे बंद ही शोषक नाही. उत्तर तर अगदी सोपे आहे. आयगेनव्हेक्टर वगैरे भानगडीत न पडता P चा विसावा घात काढा. तिन्ही ओळी सारख्या होतील आणि तीच ओळ तुमचे स्थिर वितरण. मी काढून पाहिले: ०.६२५, ०.२५, ०.१२५. म्हणजे यंत्र आठातली एक पाळी बंद असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. आठ पाळ्यांत एकदा बंद, म्हणजे बंद पडेपर्यंतचा सरासरी काळ १/०.१२५ = ८ पाळ्या. हे सूत्र जुने आणि सिद्ध झालेले आहे, त्यासाठी वेगळी समीकरणे सोडवायची गरज नाही.

कोरीपाटी

तिरकीरेघ यांचे पहिले उत्तर बरोबर आहे, दुसरे नाही. सूत्र खरे असूनही ते इथे का लागू पडत नाही, हा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पण आधी १/३ चे कोडे सोडवू.

स्थिर वितरण म्हणजे असे वाटे, जे एक पाळी उलटल्यावरही तसेच राहतात. वाट्यांची आडवी ओळ P च्या डाव्या बाजूला ठेवून गुणाकार करायचा आणि तीच ओळ परत मिळायला हवी. `eig(P)` मात्र उभा स्तंभ उजव्या बाजूला ठेवून उत्तर शोधतो. आपल्या मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीची बेरीज १ आहे, त्यामुळे तिन्ही आकडे सारखे असलेला कोणताही स्तंभ त्या समीकरणात आपोआप बसतो. तुम्हाला मिळालेले १/३ हे यंत्राबद्दल काहीच सांगत नाही. ओळींची बेरीज १ आहे, एवढीच माहिती त्यात आहे. संभाव्यता कितीही बदलून पाहा, उत्तर तेच येईल. तिन्ही वाटे तंतोतंत सारखे आले की मॅट्रिक्स आडवे-उभे करायचे राहिले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. `eig(P.T)` दिले असते तर योग्य उत्तर आले असते.

हाताने करायचे तर मी घात किंवा आयगेनव्हेक्टर न काढता जमाखर्च मांडतो. दीर्घकाळात एखाद्या अवस्थेत दर पाळीला जेवढे येते तेवढेच बाहेर पडले पाहिजे, नाहीतर वाटे स्थिर राहणार नाहीत. ‘बंद’पासून सुरुवात करणे सोयीचे, कारण तिथे येण्याची वाट एकच आहे. कुरकुरच्या वाट्याचा ०.२ भाग आत येतो आणि बंदच्या वाट्याचा ०.४ भाग बाहेर जातो, म्हणून बंदचा वाटा कुरकुरच्या निम्मा. ‘ठीक’मधून बाहेर जातो तो त्याच्या वाट्याचा ०.२ भाग. आत येतात ते कुरकुरचा ०.३ आणि बंदचा ०.४, आणि बंद निम्मा असल्यामुळे हा ०.४ म्हणजे कुरकुरच्या भाषेत ०.२. एकूण कुरकुरचा ०.५ भाग आत येतो, म्हणून ठीकचा वाटा कुरकुरच्या अडीचपट. कुरकुर १ धरला तर ठीक २.५, बंद ०.५, बेरीज ४. चाराने भागा: ५/८, १/४, १/८.

कुरकुरचा जमाखर्च मी मांडला नाही, कारण दोन अवस्थांचा हिशेब जुळला की तिसरीचा जुळतोच. तीन समीकरणांतले एक नेहमी फुकटचे असते. म्हणूनच संगणकाला तिन्ही समीकरणे जशीच्या तशी दिली तर तो मॅट्रिक्स सिंग्युलर असल्याची तक्रार करतो किंवा सगळीकडे शून्य देऊन मोकळा होतो. एक समीकरण काढून त्या जागी ‘बेरीज १’ ही अट घालावी लागते.

आता दुसरा प्रश्न. इथे भिंगरी यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग उपयोगी पडतो. ‘पहिल्यांदा बंद’ एवढेच पाहायचे असेल तेव्हा बंद पडल्यानंतर काय होते याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते, म्हणून त्या हिशेबापुरती बंदची ओळ बाजूला ठेवून ती अवस्था शोषक मानता येते. मूळ साखळी त्यामुळे बदलत नाही. पहिला प्रश्न पूर्ण मॅट्रिक्सला विचारायचा, दुसरा त्यातल्या वरच्या डाव्या दोन-बाय-दोन तुकड्याला. दोन्ही प्रश्नांना आपापल्या जागी अर्थ आहे.

ठीकपासून बंदपर्यंतचा सरासरी काळ ‘ठ’ आणि कुरकुरपासूनचा ‘क’ म्हणू. ठीकमध्ये एक पाळी तर जाणारच. त्यानंतर ०.८ संभाव्यतेने आपण परत ठीकमध्येच असू आणि ०.२ संभाव्यतेने कुरकुरमध्ये. कुरकुरमधूनही एक पाळी जाणार, मग ०.३ ठीक, ०.५ कुरकुर, आणि उरलेल्या ०.२ मध्ये काम संपले, पुढे मोजायचे काही नाही.

```
ठ = 1 + 0.8 ठ + 0.2 क
क = 1 + 0.3 ठ + 0.5 क
```

पहिल्यावरून ठ = क + ५, दुसऱ्यावरून क = २ + ०.६ ठ. एकमेकांत घातले की ठ = १७.५ आणि क = १२.५. म्हणजे उत्तर ८ नसून साडेसतरा पाळ्या आहे.

तिरकीरेघ

समीकरणांत मला चूक दिसत नाही, पण १/π चे सूत्रही चुकीचे नाही; इथे π म्हणजे त्या अवस्थेचा स्थिर वितरणातला वाटा. मार्क काट्स यांच्या नावाने ते ओळखले जाते आणि १९४७ पासून सर्वत्र वापरले जाते. दोन्ही बरोबर असतील तर ८ आणि १७.५ मधला फरक कुठून आला, हे दाखवल्याशिवाय मी ८ सोडणार नाही.

कोरीपाटी

सोडू नका, ८ सुद्धा खरेच आहे, फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. १/π सांगते ते असे: यंत्र आत्ता बंद आहे, तर पुन्हा बंद असलेली पाळी येईपर्यंत सरासरी किती पाळ्या जातील. पेन्सिल यांचा प्रश्न ठीकपासून सुरू होतो. परतण्याचा काळ आणि पोहोचण्याचा काळ या निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते.

फरक कुठे आहे ते बंदच्या ओळीत पाहा. बंद यंत्र पुढच्या पाळीतही बंदच असण्याची संभाव्यता ०.६ आहे. अशा वेळी ‘परत बंद’ व्हायला एकच पाळी लागते. उरलेल्या ०.४ वेळा ते ठीकमध्ये जाते आणि तिथून १७.५ पाळ्या लागतात. सरासरी काढली तर १ + ०.४ × १७.५ = ८. तुमचे आणि माझे उत्तर एकमेकांशी तंतोतंत जुळते. हीच तपासणी मी दर वेळी करतो, कारण स्थिर वितरण आणि पोहोचण्याचा काळ हे दोन वेगळ्या वाटांनी काढलेले असतात, आणि त्यांतले एक जरी चुकले तरी ही बेरीज जुळत नाही.

याहून अधिक उलगडा एका पूर्ण फेरीचा हिशेब केला की होतो. दोन-बाय-दोन तुकड्याला Q म्हटले, तर I − Q चा निश्चयक ०.०४ येतो आणि त्याचा व्यस्त मॅट्रिक्स असा:

```
          ठीक    कुरकुर
ठीक       12.5    5.0
कुरकुर      7.5    5.0
```

पहिल्या ओळीचे वाचन असे की ठीकपासून निघालेले यंत्र बंद पडण्याआधी सरासरी १२.५ पाळ्या ठीक असते आणि ५ पाळ्या कुरकुरते. बेरीज १७.५. बंद पडल्यावर दर पाळीला दुरुस्त होण्याची संभाव्यता ०.४, म्हणून ते सरासरी १/०.४ = २.५ पाळ्या बंद राहते आणि मग थेट ठीकमध्ये येऊन नवी फेरी सुरू होते. पूर्ण फेरी २० पाळ्यांची. आता वाटे काढा: १२.५/२०, ५/२०, २.५/२०. हे ५/८, १/४, १/८ च आहेत. म्हणजे या साखळीत काळ काढला की स्थिर वितरण जवळजवळ फुकट मिळते. एक सावधगिरी मात्र ठेवावी लागते: दुरुस्तीनंतर यंत्र नेहमी एकाच अवस्थेत येते म्हणून हिशेब इतका सरळ आहे. ते कधी ठीक तर कधी कुरकुर अशा अवस्थेत परतले असते, तर फेरीची सुरुवात त्या प्रमाणात दोन ओळींमध्ये वाटून घ्यावी लागली असती.

घातांबद्दलही एक बोलतो. इथे ती युक्ती चालते आणि लवकर चालते, पण सगळीकडे चालत नाही. दोनच अवस्था असतील आणि साखळी दर पायरीला न चुकता एकीतून दुसरीत उडी मारत असेल, तर घात कितीही वाढवा, ओळी आलटून पालटून बदलत राहतात. स्थिर वितरण मात्र निम्मे-निम्मे असे ठामपणे असते. जमाखर्चाची समीकरणे तिथेही तेच उत्तर देतात.

तिरकीरेघ

१ + ०.४ × १७.५ हा हिशेब पटला. म्हणजे ‘आठातली एक पाळी बंद’ हे खरे, पण ‘दर आठ पाळ्यांनी बिघाड’ हे खोटे, कारण बंद पाळ्या एकामागोमाग घोळक्याने येतात. नवा बिघाड होतो तो सरासरी वीस पाळ्यांनी. कुरकुरचा वाटा १/४ आणि तिथून बंदकडे ०.२, म्हणजे दर पाळीला ०.०५. त्यावरूनही वीसच येतात.

तरीही अहवालात कोणता आकडा द्यायचा यावर माझे मत वेगळे आहे. यंत्र वापरणाऱ्याला ‘ठीकपासून पहिल्यांदा’ याच्यापेक्षा एका बिघाडापासून दुसऱ्या बिघाडापर्यंतचे वीस अधिक उपयोगी आहेत, कारण त्यात दुरुस्तीचा वेळही येतो.

फासेवाला

मी समीकरणांवर विश्वास ठेवण्याआधी फासे टाकून पाहतो. ठीकपासून सुरू करून, दर पाळीला यादृच्छिक संख्या घेऊन, एक लाख वेळा यंत्र चालवले. प्रत्येक खेळाला तीस पाळ्यांची मर्यादा ठेवली, म्हणजे कार्यक्रम कुठे अडकून राहू नये. बंदपर्यंतच्या पाळ्यांची सरासरी १२.१ आली, साडेसतरा नव्हे. लाख खेळांत एवढा फरक योगायोगाने पडत नाही. समीकरणांत काही तरी गळते आहे.

कोरीपाटी

तीस पाळ्यांत जे खेळ संपले नाहीत त्यांचे काय केले?

फासेवाला

ते सोडून दिले. त्यांच्यात यंत्र बंद पडलेच नाही, मग काळ काय मोजणार? अशा खेळांची संख्या साधारण सोळा हजार होती.

कोरीपाटी

गळती तिथेच आहे. सोडून दिलेले सोळा टक्के खेळ हे सर्वांत लांब चालणारे खेळ होते. तुम्ही मोजली ती ‘तीस पाळ्यांच्या आत बंद पडलेल्या यंत्रांची’ सरासरी, आणि ती कागदावरही १२.१ च येते. म्हणजे तुमचे फासे अगदी बरोबर आहेत, प्रश्न मात्र बदलला आहे. त्या खेळांना तीसच पाळ्या धरल्या असत्या तर सरासरी सुमारे १५ आली असती, आणि तीही कमीच. मर्यादा काही शे पाळ्यांची ठेवा. इथे Q ची मोठी आयगेनव्हॅल्यू सुमारे ०.९३७ आहे, म्हणजे काही पाळ्या गेल्यावर दर पाळीला तगून राहिलेल्यांपैकी सुमारे सहा टक्के यंत्रे बंद पडतात. दोनशे पाळ्यांनंतर लाखातला एखादाही खेळ क्वचितच शिल्लक राहील.

तुमच्या प्रयोगातून एक चांगली गोष्ट मात्र पुढे येते. साडेसतरा ही सरासरी आहे, त्याला मुदत समजू नये. यंत्र तेराव्या पाळीपर्यंत बंद पडण्याची संभाव्यताच निम्म्याहून थोडी जास्त आहे, आणि सतरा पाळ्यांनंतरही ते एकदाही बंद न पडता चालू असण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के. प्रमाण विचलन जवळपास १५.५ पाळ्यांचे आहे, म्हणजे जवळजवळ सरासरीएवढेच. थोडी लांबलचक आयुष्ये सरासरीला वर खेचतात, आणि तीस पाळ्यांच्या कात्रीने तुम्ही नेमकी तीच कापली.

फासेवाला

मर्यादा पाचशे केली. आता सरासरी १७.४८ येते आहे आणि मधला खेळ तेराव्या पाळीत संपतो. तक्रार मागे घेतो.

सांजवारा

धाग्याच्या निमित्ताने माझा प्रश्न विचारतो, तो यंत्राचा नाही. एका खेळात सोंगटी ० ते ३ अशा चार घरांवर फिरते, दर पायरीला एक घर पुढे किंवा एक घर मागे, दोन्ही निम्म्या संभाव्यतेने. ० किंवा ३ वर पोहोचली की खेळ संपतो. सुरुवात १ वर. मला ३ पर्यंत पोहोचण्याचा सरासरी काळ हवा आहे. वरच्या पद्धतीने ३ शोषक धरून ०, १, २ या घरांचा तुकडा घेतला, तर I − Q चा व्यस्त निघतच नाही. ० घराच्या ओळीत सगळी शून्ये येतात.

कोरीपाटी

तो निघत नाही हे बरे आहे, कारण तुम्ही विचारलेला काळ अनंत आहे. १ पासून निघालेली सोंगटी तीनपैकी दोन वेळा ० वर जाऊन अडकते आणि ३ वर कधीच पोहोचत नाही, मग त्या वेळांची सरासरी कशी काढायची? शून्यांची ओळ तेच सांगते आहे: त्या तुकड्यातून बाहेर न पडता कायमचे राहता येते. व्यस्त निघत नसेल तर संगणकाला दोष देण्याआधी साखळीत असा सापळा आहे का ते पाहावे.

इथे दोन प्रश्न अर्थपूर्ण आहेत. खेळ कोणत्याही टोकाला संपेपर्यंतचा काळ हवा असेल तर तुकडा फक्त १ आणि २ या घरांचा घ्या. उत्तर २ पायऱ्या. आणि ‘जे खेळ ३ वर संपले त्यांना सरासरी किती पायऱ्या लागल्या’ असे विचारायचे असेल, तर आधी प्रत्येक घरातून ३ वर जिंकण्याची संभाव्यता काढावी लागते, १ वरून १/३ आणि २ वरून २/३. मग प्रत्येक उडीची संभाव्यता पोहोचण्याच्या घराच्या या आकड्याने गुणून निघण्याच्या घराच्या आकड्याने भागायची. जिंकलेल्या खेळांत १ वरून सोंगटी न चुकता २ वरच जाते, मागे गेली असती तर खेळ हरला असता. २ वरून ती ३/४ वेळा ३ वर आणि १/४ वेळा परत १ वर येते. या नव्या साखळीत समीकरणे मांडली की १ पासूनचा काळ ८/३ पायऱ्या मिळतो. हरलेल्या खेळांसाठी तो ५/३ येतो. एकतृतीयांश आणि दोनतृतीयांश वजनाने दोन्हींची सरासरी काढून पाहा, वरचे २ परत मिळतात.

तुमच्या साखळीचे स्थिर वितरण कोणी विचारले तर एकच उत्तर देऊ नका. ० वर सगळे वजन हेही स्थिर, ३ वर सगळे वजन हेही स्थिर, आणि त्या दोघांचे कोणतेही मिश्रणही स्थिर. दीर्घकाळात प्रत्यक्ष काय होईल ते सुरुवातीच्या घरावर अवलंबून राहते.

भिंगरी

म्हणजे मी सुरुवातीला सांगितलेले वितरण एकच शोषक अवस्था असताना लागू पडते, दोन असताना नाही. पेन्सिल यांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नव्हता हेही आता लक्षात आले.

माझी एक शंका आहे. ही ०.२, ०.३ अशी गोल संख्या नोंदींवरून कशी काय निघाली? अवस्था मोजताना गोलाई घेतली असेल तर साडेसतरातला अर्धा हा भाग कितपत खरा मानायचा?

पेन्सिल

सर्वांचे आभार. दोन्ही उत्तरे आता अशी निघतात:

```python
A = P.T - np.eye(3)
A[2] = 1
pi = np.linalg.solve(A, [0, 0, 1])

Q = P[:2, :2]
h = np.linalg.solve(np.eye(2) - Q, [1, 1])
```

`pi` मध्ये ०.६२५, ०.२५, ०.१२५ आणि `h` मध्ये १७.५, १२.५ मिळाले. फेरीचा वीसाचा हिशेबही जुळला.

भिंगरी यांची शंका योग्य आहे. कुरकुर अवस्थेत सुरू झालेल्या पाळ्या माझ्या नोंदीत ४० आहेत. त्यांपैकी १२ वेळा पुढच्या पाळीत यंत्र ठीक झाले, २० वेळा कुरकुरतच राहिले, ८ वेळा बंद पडले. त्यावरून ०.३, ०.५, ०.२.

कोरीपाटी

चाळीस नोंदींमध्ये ८ हा आकडा सहज ६ किंवा १० असू शकला असता. कुरकुरमधून बंद पडण्याच्या संभाव्यतेला q म्हणा. ठीककडे परतण्याचे ०.३ तसेच ठेवून q बदलला, तर तुमच्या समीकरणांतून ठ = ५ + २.५/q येते. q भाजकात आहे, दुखणे तिथेच आहे. चाळीस नोंदींवरून q ची प्रमाण त्रुटी सुमारे ०.०६ आहे. q ०.२६ असेल तर काळ सुमारे १४.६ पाळ्या, ०.१४ असेल तर सुमारे २२.९. खालच्या बाजूला तीन पाळ्यांनी घसरण आणि वरच्या बाजूला पाचांहून अधिक वाढ, असा तो एका बाजूला जास्त पसरतो. अहवालात ‘साडेसतरा’ न लिहिता ‘साधारण पंधरा ते तेवीस’ असे लिहावे, असे मी सुचवेन, आणि तेही बाकीचे आकडे अचूक मानूनच.

तिरकीरेघ

त्याहून मोठी शंका राहते. साखळीला इतिहास आठवत नाही असे आपण गृहीत धरले आहे. कुरकुर सुरू होऊन एक पाळी झालेले यंत्र आणि सहा पाळ्या कुरकुरणारे यंत्र, दोघांनाही ०.२ च? माझा अनुभव असा की जितके जास्त कुरकुरते तितके बंद पडण्याच्या जवळ जाते. कुरकुरचे ‘नवी’ आणि ‘जुनी’ असे दोन भाग करून चार अवस्थांची साखळी घ्यावी.

कोरीपाटी

करता येईल, समीकरणे दोनऐवजी तीन होतील एवढेच. पण चाळीस नोंदी दोन भागांत वाटल्या की प्रत्येक आकड्याची त्रुटी आणखी वाढेल. आधी एवढेच तपासा: आठ बिघाडांपैकी किती कुरकुरीच्या पहिल्याच पाळीत झाले आणि किती नंतर, आणि दोन्ही गटांत एकूण पाळ्या किती होत्या. दोन्ही गटांत प्रमाण ०.२ च्या आसपासच असेल तर अवस्था फोडण्याला आधार नाही.

पेन्सिल

नोंदवहीतून मोजले. कुरकुरीच्या पहिल्या पाळ्या २०, त्यांत बिघाड ३. नंतरच्या पाळ्या २०, त्यांत बिघाड ५.

तिरकीरेघ

०.१५ आणि ०.२५. म्हटले नव्हते का?

कोरीपाटी

वीस-वीस नोंदींमध्ये ३ आणि ५ मधला फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो. तुमचे म्हणणे खरे असू शकेल, पण या आकड्यांवरून ते खरे ठरत नाही आणि खोटेही ठरत नाही. पेन्सिल, कुरकुरीच्या आणखी शंभरेक पाळ्या जमल्या की हीच विभागणी पुन्हा मोजून इथे टाका.